पैसे कापले, ऑर्डर अडकली: आता ग्राहकाला काय लिहायचं?

१२ एप्रिल २०२५ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, त्यामुळे बँका बंद होत्या. पुढे रविवार आणि सोमवारी आंबेडकर जयंती. म्हणजे शाखांना सलग तीन दिवस कुलूप. कोकणात हापूसची लगबग सुरू होती आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं मोबाइलवरून पेट्या मागवत होती. नेमक्या त्या दिवशी देशभर यूपीआय अडखळलं. मार्चच्या २६ तारखेलाही असं झालं होतं, त्यामुळे लोकांचा पहिला धक्का ओसरला होता, पण चिडचिड वाढली होती. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ‘अधूनमधून तांत्रिक अडचणी येत आहेत’ अशा अर्थाचं छोटं निवेदन काढलं. मार्च महिन्यात यूपीआयवरून सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले होते, म्हणजे दिवसाला सरासरी ५९ कोटी. एवढ्या वाहत्या प्रवाहात काही तास खोळंबा झाला की किती लोकांच्या ऑर्डरी अधांतरी राहतात, याचा अंदाज येईल.

अशा वेळी ऑनलाइन विकणारा प्रत्येक जण ग्राहकांना एक पत्र पाठवतो. आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये ते कधी ना कधी आलेलं आहे. ‘तांत्रिक अडचणीमुळे आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली असल्यास ती पाच ते सात दिवसांत आपोआप परत जमा होईल.’ वाचायला सभ्य वाटतं. पण यातलं दुसरं वाक्य, ते ज्यांना पाठवलं जातं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत साफ चुकीचं असतं. कारण त्यांचे पैसे परत येणार नसतात. ते विक्रेत्याकडे कधीच पोहोचलेले असतात, फक्त त्याला तसं कळलेलं नसतं.

हे कसं होतं, ते पाहण्यासाठी एका व्यवहाराचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा लागतो. तुम्ही ॲपमध्ये पिन टाकता. ॲपचा निरोप एनपीसीआयकडे जातो. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते, एवढी रक्कम वजा करा. बँक ती वजा करून ‘केली’ असं कळवते. मग एनपीसीआय विक्रेत्याच्या बाजूच्या बँकेला सांगते, एवढी रक्कम जमा करा. ती बँक ‘केली’ म्हणते, आणि तो होकार उलट्या वाटेने तुमच्या ॲपपर्यंत, शिवाय गेटवे कंपनीमार्फत विक्रेत्याच्या वेबसाइटपर्यंत पोहोचतो. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं, म्हणून एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती निरोपांची साखळी आहे आणि ती कोणत्याही कडीला तुटू शकते.

वजावटीच्या आधीच तुटली, तर पैसे गेलेच नाहीत. वजावट झाली पण जमा होण्यापूर्वी तुटली, तर पैसे मधल्या मध्ये आहेत आणि तुमच्या खात्यात परत यायला हवेत. तिसरी शक्यता सगळ्यांत फसवी. वजाही झाले, जमाही झाले, फक्त परतीचा होकार वाटेत हरवला. ग्राहकाच्या ॲपवर गोल फिरणारं चक्र, विक्रेत्याच्या यादीत ‘प्रलंबित’, आणि रक्कम मात्र विक्रेत्याच्या बाजूला सुखरूप. विक्रेत्याच्या बाजूची बँक वेळेत उत्तरच देत नसेल, तर एनपीसीआयलाही त्या क्षणी होय की नाही ते सांगता येत नाही. नंतर ती बँक आपल्या नोंदी तपासून ‘जमा केले होते’ असं कळवते किंवा पैसे परत पाठवते. तोवर तो व्यवहार खरोखरच अनिर्णित असतो. कुणी लपवत नसतं, कुणालाच ठाऊक नसतं.

‘झालं का, झालं का’ असं सारखं विचारण्याचाही इथे एक वाटा आहे. १२ एप्रिलच्या घटनेची नंतर जी छाननी झाली, तिच्यात एक कारण असं पुढे आलं की काही बँकांच्या यंत्रणा व्यवहाराची स्थिती विचारणारे निरोप प्रचंड संख्येने पाठवत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. त्या चौकशांच्या गर्दीने खरे व्यवहार मागे पडले. पुढे एनपीसीआयने या विचारणांवर बंधनं आणली, आणि एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच खात्यातली शिल्लक पाहता येईल, अशी मर्यादाही घातली. ग्राहकाला ‘पुन्हा पैसे भरू नका, थोडं थांबा’ असं पत्रात लिहायचं, त्यामागे शिष्टाचार कमी आणि हे कारण जास्त आहे. अडखळलेल्या यंत्रणेवर पुन्हा पुन्हा बटण दाबलं, तर एका पेटीचे दोनदा पैसे जाण्याची शक्यता फार मोठी असते.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण असे बागायतदार रत्नागिरी-देवगडकडे शोधावे लागत नाहीत. स्वतःची कलमं, छोटी वेबसाइट, गेटवे कंपनीशी करार, आणि जोडीला व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या ऑर्डरी. समजा, त्या शनिवारी खोळंब्याच्या तासांत वेबसाइटवर ९६ ऑर्डरी ‘प्रलंबित’ पडल्या. प्रत्येक ऑर्डर दोन डझनांच्या पेटीची, १,८०० रुपयांची. आंबा झाडावरून उतरवून अढीत घातलेला. तो आठवडा-दीड आठवड्यात पिकणार, बँकेचं उत्तर आलं असो वा नसो.

पत्र लिहायला बसण्याआधी बागायतदाराने करायचं काम म्हणजे ताळमेळ. आणि इथेच बरेच जण आपलं बँक खातं उघडून पाहतात नि घाबरतात, कारण त्यात शनिवारचे पैसेच दिसत नाहीत. दिसणारही नाहीत. गेटवेकडे जमा झालेली रक्कम विक्रेत्याच्या खात्यात साधारण कामकाजाच्या एक-दोन दिवसांनी वळती होते, आणि इथे तर मध्ये तीन सुट्ट्या. त्या रात्री पाहायची ती गेटवेच्या पोर्टलवरची व्यवहारांची यादी. तिच्यात प्रत्येक प्रयत्नासमोर ऑर्डर क्रमांक, रक्कम, वेळ आणि सद्यस्थिती असते. यूपीआयच्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांकही असतो, ज्याला व्यवहारात सगळे यूटीआर म्हणतात. ही यादी आपल्या ऑर्डरींच्या यादीशी ओळीने ओळ जुळवायची.

जुळवल्यावर, समजा, असं निघालं: ९६ पैकी ५१ ऑर्डरींचे पैसे गेटवेकडे पोहोचले आहेत, फक्त होकार वेबसाइटला मिळाला नव्हता. त्यातल्या ६ ऑर्डरींवर दोनदा पैसे आले आहेत, कारण पहिल्यांदा चक्र फिरत राहिलं म्हणून ग्राहकाने पुन्हा भरले. २७ ऑर्डरी अयशस्वी ठरल्या आहेत. उरलेल्या १८ चं अजून काहीच ठरलेलं नाही.

सगळ्यांना एकच पत्र पाठवून ‘आपली ऑर्डर यशस्वी झाली असल्यास… अयशस्वी झाली असल्यास…’ असं लिहिणं हा आळस आहे. ग्राहकाला त्याची ऑर्डर कोणत्या गटात आहे, हेच तर ठाऊक नसतं. ते फक्त विक्रेत्याला ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक गटाला त्याचं स्वतंत्र पत्र.

५१ जणांचं पत्र तीन ओळींत संपतं. पैसे मिळाले, पेटी अमुक दिवशी निघेल, तुम्ही काही करायचं नाही. ज्या सहा जणांनी दोनदा भरले, त्यांना एक ओळ जास्त: एक रक्कम ठेवली, दुसरी आजच परत पाठवली, परताव्याचा संदर्भ क्रमांक हा. इथे ‘पाच ते सात दिवसांत आपोआप’ हे वाक्य लिहिलं, तर ते सहा जण आठवडाभर बँकेत खेपा घालत बसतील आणि बँक म्हणेल, आमच्या नोंदीप्रमाणे दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत. बँकेचं बरोबरच असेल. यशस्वी झालेला दुसरा व्यवहार बँक आपणहून उलटवत नाही. तो परतावा विक्रेत्यानेच द्यायचा असतो.

२७ जणांना सांगायचं की ऑर्डरीचे पैसे आले नाहीत, तरी पेटी मंगळवारपर्यंत त्याच भावाने राखून ठेवली आहे. हवी असेल तर आमच्या वेबसाइटवर नेहमीप्रमाणे जाऊन पुन्हा मागवा. खात्यातून पैसे कापले गेले असतील, तर ते कधी परत येतील, ती तारीखही द्यायची.

ही तारीख विक्रेत्याने मनाने ठरवायची नसते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ती बांधून दिलेली आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून वजा झाले, पण दुकानदाराकडे होकार पोहोचला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामकाजाचे नव्हे. म्हणजे तीन सुट्ट्या आल्या म्हणून मुदत पुढे सरकत नाही. १२ एप्रिलमध्ये पाच मिळवा, १७ एप्रिल, गुरुवार. पत्रात ‘पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत’ असं लिहिणारा विक्रेता नकळत बँकेला सवलत देऊन टाकतो. तेही दुसऱ्याच्या पैशांवर.

याच परिपत्रकातली आणखी एक बाब व्हॉट्सॲपवर विकणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. पुष्कळ छोटे विक्रेते आपला वैयक्तिक यूपीआय आयडीच देतात. तो व्यवहार व्यक्तीकडून व्यक्तीकडे गेलेला धरला जातो, आणि अशा व्यवहारात समोरच्या खात्यात पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर ते परत करायला फक्त पुढच्या दिवसापर्यंत मुदत आहे. म्हणजे एकाच बागायतदाराच्या दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळ्या तारखा सांगाव्या लागतील. शिवाय व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींना गेटवेची यादी नसते. तिथे ग्राहक स्क्रीनशॉट पाठवतो. त्यावर विसंबू नये. तो बनावट असू शकतो हे झालंच, पण खऱ्या स्क्रीनशॉटवरही फक्त त्याच्या ॲपची बाजू दिसते. त्याच्याकडून यूटीआर मागून घ्यावा आणि तो आकडा आपल्या खात्याच्या उताऱ्यात सापडतो का, ते पाहावं.

उरले १८. खरं पत्र लिहायचं ते यांना, कारण यांना सांगण्यासारखं ठाम असं काहीच हातात नाही. ते असं लिहिता येईल:

*विषय: तुमची शनिवारची हापूसची ऑर्डर. पैसे पोहोचले की नाही, हे अजून कळलेलं नाही*

*नमस्कार,*

*शनिवारी, १२ एप्रिलला दुपारी १ वाजून १० मिनिटांनी तुम्ही दोन डझन हापूसची एक पेटी मागवली आणि यूपीआयने १,८०० रुपये भरण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी देशभर यूपीआय नीट चालत नव्हतं. तुमची रक्कम आमच्याकडे पोहोचली की नाही, याचं उत्तर बँकांकडून अजून आलेलं नाही. ऑर्डर क्रमांक आणि यूटीआर खाली दिला आहे.*

*तुमची पेटी आम्ही बाजूला काढून ठेवली आहे. भाव शनिवारचाच राहील.*

*मंगळवारी, १५ एप्रिलला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत पैसे पोहोचल्याचं कळलं, तर पेटी बुधवारी सकाळी निघेल आणि तसा निरोप तुम्हाला येईल. काहीच कळलं नाही, तर त्या संध्याकाळी आम्ही तुम्हाला फोन करू. पेटी हातात पडल्यावर पैसे द्यायचे की ऑर्डर रद्द करायची, हे तुम्ही सांगा.*

*तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील आणि आमच्याकडे आले नसतील, तर गुरुवार, १७ एप्रिलपर्यंत ते तुमच्या खात्यात परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. ऑर्डर रद्द झाल्यावर किंवा तुम्ही रोख पैसे दिल्यावर शनिवारची रक्कम आमच्याकडे आली, तर ती आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याच खात्यात परत पाठवू.*

*तोपर्यंत कृपया या ऑर्डरीसाठी पुन्हा पैसे भरू नका. पैसे परत करण्यासाठी आम्ही कोणतीही लिंक किंवा क्यूआर कोड पाठवणार नाही, ओटीपी किंवा पिन विचारणार नाही.*

*शनिवारी तुम्हाला ताटकळत राहावं लागलं, याबद्दल क्षमस्व.*

यात माफी शेवटी आहे, ती मुद्दाम. पैसे अडकलेल्या माणसाला पहिल्या ओळीत दिलगिरी नको असते, आपली ऑर्डर आणि आपली रक्कम या माणसाला माहीत आहे का, हे हवं असतं. म्हणून वेळ, वस्तू आणि आकडा आधी. बिघाडाचं कारणही पत्रात नाही. त्या रविवारी ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि ‘सर्व्हरवर ताण आल्यामुळे’ असं काहीतरी ठोकून देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ‘आमची चूक नाही, एनपीसीआयची आहे’ हा सूरही टाळलेला आहे. ग्राहकाने पेटी एनपीसीआयकडून मागवलेली नसते.

‘त्याच खात्यात परत पाठवू’ या शब्दांना नियमाचा आधार आहे. गेटवे कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये जे निर्देश काढले, त्यांत परतावा मूळ मार्गानेच द्यावा, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसऱ्या मार्गाने, असं म्हटलं आहे. विक्रेत्याच्या सोयीचंही हेच. घाईघाईत ‘तुमचा नंबर द्या, आत्ताच पाठवतो’ म्हणून हाताने पैसे पाठवले आणि इकडे गेटवेनेही मूळ व्यवहार उलटवला, तर १,८०० चे ३,६०० जातात. ते परत मागायला कोणत्या तोंडाने फोन करायचा?

लिंक आणि पिनचं वाक्य तर गाळूच नये. यूपीआय बंद पडल्याची बातमी आली की परताव्याच्या नावाखाली फसवणाऱ्यांना सुगीचे दिवस येतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, ही गोष्ट सांगून सांगून जुनी झाली तरी दर खोळंब्याला नवी गिऱ्हाइकं फसतातच. खऱ्या विक्रेत्याच्या पत्रात एकही लिंक नसेल, तर खोटं पत्र ओळखणं सोपं जातं.

आता १८ पेट्या खरंच मंगळवारपर्यंत अडवून ठेवाव्यात का? हा पत्राचा नव्हे, धंद्याचा प्रश्न आहे. अठराच्या अठरा व्यवहार फसले आणि सगळ्या ग्राहकांनी हात वर केले, असं धरलं, तरी १८ गुणिले १,८०० म्हणजे ३२,४०० रुपयांचा माल. ते टोकाचं झालं. यातले दरवर्षी मागवणारे दहा-बारा असतील, तर त्यांच्या पेट्या मी सोमवारीच रवाना केल्या असत्या आणि पत्रात लिहिलं असतं की पैशांचं मागाहून बघू. मोबाइल विकणाऱ्याला हे परवडणार नाही. त्याचा माल आठवडाभर फळीवर पडून राहिला तरी नासत नाही, त्यामुळे त्याने थांबणंच शहाणपणाचं.

एका गोष्टीसाठी मात्र दोघांनीही तयार असावं. गेटवेच्या यादीत ‘अयशस्वी’ दिसणारा व्यवहार काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ‘यशस्वी’ होऊन बसतो, कारण बँकेचं उत्तर उशिरा येतं. म्हणजे २७ च्या यादीतले दोन-तीन जण सोमवारी ५१ च्या यादीत सरकलेले असू शकतात, आणि तोवर त्यांनी पत्र वाचून नव्याने पैसेही भरलेले असतात. म्हणून ताळमेळ एकदा करून भागत नाही. शनिवारी रात्री, सोमवारी सकाळी आणि मंगळवारी पाचच्या आधी अशी तीनदा यादी जुळवावी लागते. ज्यांचा गट बदलला, त्यांना लगेच कळवायचं. पहिल्या पत्रात ‘सद्यस्थिती रविवारी सकाळी १० वाजताची’ एवढं लिहिलेलं असेल, तर दुसरं पत्र कोलांटउडी वाटत नाही.

शेवटचं पत्र १८ एप्रिलला, फक्त त्यांना ज्यांचे कापलेले पैसे अजून आले नाहीत. १७ तारीख उलटून गेली आहे, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे म्हणून बँका पुन्हा बंद, पण भरपाईचं मीटर सुरू झालं आहे. या पत्रात विक्रेत्याने आपल्याकडून लेखी द्यायचं की अमुक यूटीआरची रक्कम आजपर्यंत आमच्याकडे जमा झालेली नाही. हा कागद ग्राहकाला उपयोगी पडतो. आधी ज्या ॲपवरून पैसे भरले, त्यातल्या त्या व्यवहारासमोरच तक्रार नोंदवायची, मग आपल्या बँकेकडे, यूटीआर आणि विक्रेत्याचं हे पत्र जोडून. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथली तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला शुल्क लागत नाही.